‘गाल लाल का झालाय’ म्हणून आलेला पोरगा : एका जनरल क्लिनिकमधलं प्रकरण

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं जनरल प्रॅक्टिसचं क्लिनिक आहे. सर्दी-ताप, शुगर-बीपी, पोरांचे डोस, हेच रोजचं काम. हे प्रकरण लिहितोय ते त्या पोराची आणि त्याच्या आईची परवानगी घेऊन, नाव बदललंय, अजून दोन-चार गोष्टी बदलल्यात म्हणजे कुणाला ओळख लागू नये. त्याला आपण सुमित म्हणू. वय २०, डिप्लोमाला, वडील शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला.

पहिल्यांदा आला तेव्हा तक्रार साधीच होती. गाल लाल होतोय, जळजळतंय, उन्हात गेलं की जास्त. मास्क लावून आला होता, आणि बसायच्या आधी त्यानं स्टूल थोडं ओढून तिरकं केलं. माझ्या उजव्या हाताला खिडकी आहे, त्या खिडकीचा उजेड त्याच्या डाव्या गालावर पडणार नाही असं ते स्टूल झालं. हे मला दिसलं होतं, नीट दिसलं होतं, पण त्याचा अर्थ लावला नाही. मास्क काढ म्हटल्यावर काढला, आणि मास्कच्या आतल्या बाजूला कॉम्पॅक्ट पावडरचा जाडसर तपकिरी थर होता. तोही दिसला. मी गाल बघितला, दोन्हीकडं लालसर, बारीक रक्तवाहिन्या दिसत होत्या, डाव्या बाजूला पिंपल्सचे दोन-तीन जुने बारीक खड्डे, जवळ जाऊन बघितलं तरच कळणारे.

त्यानं लगेच मोबाईल काढून नेटवर वाचलेलं दाखवलं, गालावर फुलपाखरासारखी लाली म्हणजे ल्युपस, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार, असू शकतो. सर, त्याची एएनए नावाची रक्ताची टेस्ट लिहून द्या. बाहेर पंधरा पेशंट बसलेले, मी म्हटलं अरे काही नाही, चांगला देखणा आहेस की, पण तुझं समाधान होऊ दे म्हणून टेस्ट लिहून दिली. त्या एका वाक्यात माझ्या दोन चुका झाल्या.

टेस्ट आली ती पॉझिटिव्ह, १:४०. आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा आकडा फार कमी पातळीचा आहे आणि चांगल्या धडधाकट माणसांतही सर्रास सापडतो, त्याच्या जोरावर ल्युपस कुणी म्हणत नाही. ल्युपससाठी सांधे दुखणं, तोंड येणं, केस गळणं, लघवीत प्रोटीन जाणं असं बाकीचं काहीतरी लागतं. आणि ल्युपसची लाली बहुतेक वेळा नाकाच्या कडेपासून ओठाकडं जाणारी घडी सोडून पसरते, याची तर घडीपण लाल होती. पण पोराच्या हातात ‘पॉझिटिव्ह’ असं छापलेला कागद आला. त्यानं पुढच्या महिनाभरात अजून दोन लॅबमध्ये तीच टेस्ट केली, एक निगेटिव्ह, एक परत १:४०, आणि तिन्ही कागद एकाच पारदर्शक फोल्डरमध्ये तारखेप्रमाणे लावून माझ्याकडं आला. समाधानासाठी म्हणून लिहिलेल्या टेस्टनं समाधान झालं नाही, पोराला नवीन काम मिळालं.

त्या दुसऱ्या भेटीत आई बरोबर होती. मी थोडा वैतागलो होतो हे खरं सांगतो. तपासून झालं, प्रिस्क्रिप्शन लिहिता लिहिता, ती दोघं उठून दाराकडं निघालेली असताना मी म्हटलं, “हे सगळं मनाचं आहे, एकदा मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवून या.” सुमित थांबला, माझ्याकडं बघितलं, मास्क वर केला आणि गेला. त्यानंतर अडीच महिने आला नाही.

या अडीच महिन्यांत काय झालं ते नंतर आईकडून कळलं. ती एकटीच आली, स्वतःच्या बीपीच्या गोळ्या न्यायच्या निमित्तानं, आणि गोळ्या राहिल्या बाजूला. “डॉक्टर, मी सांगून सांगून दमलो बघा. बाथरूमात शिरतोय ते तास तास भाईर येत नाही. कालेजला जाईना झालाय. त्याला वाटतंय तुमी त्याला येडा ठरवलासा.” मी म्हटलं त्याला एवढंच सांगा की डॉक्टरांनी मागच्या वेळी नीट ऐकून घेतलं नाही, त्यांना परत ऐकायचंय, आणि दुपारी दीडला या, तेव्हा गर्दी नसते. दोन दिवसांनी आला.

त्या दुपारी मी २५ मिनिटं दिली. आईला बाहेर बसवलं. पहिल्यांदा मागच्या बोलण्याबद्दल सॉरी म्हटलं, मग गालाबद्दल एक शब्द न काढता विचारलं, “दिवसातला किती वेळ याच्यात जातो?” हा प्रश्न साधा आहे, पण मला आता वाटतं जनरल क्लिनिकमध्ये एकच प्रश्न विचारायला वेळ असेल तर हाच विचारावा. कारण ‘तुला काय वाटतं, खरंच एवढं वाईट दिसतं का’ असं विचारलं की वाद सुरू होतो, आणि वेळ विचारला की माणूस हिशोब करायला लागतो. त्यानं हिशोब केला. सकाळी आरशासमोर दीड तास. कॉलेजला जाताना प्रत्येक गाडीच्या काचेत. मोबाईलमध्ये गालाचे फोटो, त्यानं मला दाखवले, चारशेच्या वर होते, नुसता डावा गाल, वेगवेगळ्या उजेडात, झूम करून, जुन्या फोटोशी ताडून. रात्री नेटवर. सगळं मिळून साडेपाच-सहा तास. सांगून झाल्यावर तोच गप्प झाला, म्हणाला, “एवढा होतो व्हय सर, मी कधी मोजला नव्हता.”

दिवसाला एक तासाच्या वर दिसण्याचा विचार डोक्यात असेल तर बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डरचा, म्हणजे बीडीडीचा संशय घ्यावा, असं साधारण धरतात. पण नुसता वेळ पुरत नाही, दोन गोष्टी अजून बघाव्या लागतात. एक म्हणजे त्या विचारापायी माणूस परत परत काय करतो, आरसा, फोटो, झाकणं, कातडी कुरतडणं, दुसऱ्यांशी तुलना, ‘दिसतंय का गं’ असं घरच्यांना विचारत राहणं. सुमित आईला दिवसातून वीस-वीस वेळा विचारायचा. आणि दुसरी म्हणजे त्यापायी आयुष्यातून काय गेलं. हा पोरगा पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल टीममध्ये ज्युनिअरला खेळायचा, आणि कोल्हापुरात पेठेची टीम म्हणजे काय असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. ते त्यानं सोडलं, कारण घामानं पावडर उतरते आणि मैदानावर मास्क लावता येत नाही. संध्याकाळी रंकाळ्यावर मित्रांबरोबर बसणं बंद, चौपाटीवरच्या दिव्यांचा उजेड वरून पडतो म्हणून. चुलत बहिणीच्या लग्नात हॉलच्या बाहेर गाडीत बसून राहिला. वीस वर्षांच्या पोरानं पिंपल्सची काळजी करणं यात काही आजार नाही, सगळेच करतात, पण लग्नात जेवायलासुद्धा आत न जाणं हे वेगळं आहे.

मग प्रश्न राहिला ल्युपसचा. ही हेल्थ अँक्झायटी का बीडीडी? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, शरीर तपासत राहणं, नेट, टेस्ट, डॉक्टर बदलणं. हेल्थ अँक्झायटीत भीती आजाराची असते, आपल्याला काहीतरी गंभीर झालंय आणि ते सापडत नाहीये याची. नॉर्मल रिपोर्ट आला की एक-दोन दिवस हलकं वाटतं, मग परत शंका, लॅब चुकली असेल. बीडीडीत भीती दिसण्याची असते आणि तिथं रिपोर्टचा काही संबंधच नसतो. मी त्याला विचारलं, “समज उद्या शंभर टक्के सिद्ध झालं की ल्युपस नाही, पण गाल आहे तसाच राहिला. मग कसं वाटेल?” तो पटकन म्हणाला, “मग तर संपलंच की सर, औषधच नाही म्हणजे.” मग उलटं विचारलं, “आणि ल्युपस आहे पण गाल एकदम क्लिअर झाला तर?” थोडा विचार केला आणि म्हणाला, “चालेल.”

या दोन उत्तरांनी मला बरंच कळलं. त्याच आठवड्यात माझ्याकडं एक पंचेचाळिशीचे दुकानदार येत होते, छातीत धडधडतं म्हणून चार ईसीजी झालेले, त्यांना असं काही विचारलं असतं तर उत्तर बरोबर उलटं आलं असतं, कसा का दिसेना, हार्ट चांगलं पाहिजे. सुमितला ल्युपस हवाच होता असं नाही, पण आजार निघाला तर त्याच्यावर औषध निघेल आणि गाल सुधारेल, असा त्याचा धागा होता. म्हणजे मूळ बीडीडी, आणि आजाराची काळजी त्याच्या पोटातून आलेली. दोन्ही स्वतंत्रपणे एकत्रही असतात, त्यामुळं हा प्रश्न म्हणजे काही पक्की टेस्ट नव्हे, पण पत्रात काय लिहायचं ते त्यावरून ठरलं. आता दोन्ही आजार ओसीडीच्या, म्हणजे तेच तेच विचार आणि त्याच त्याच कृती थांबत नाहीत त्या आजाराच्या, कुटुंबात धरतात, आयसीडी-११ या आजारांच्या जागतिक यादीत तसंच आहे, त्यामुळं शेवटी जायचं एकाच दाराशी असतं.

इथं एक अडचण होती जिच्यावर मी बराच अडकलो. गाल खरंच लाल होता. मग हे ‘नसलेलं व्यंग’ कसं म्हणायचं? म्हणून क्रम विचारला. आठवीत असताना गॅदरिंगच्या वेळी एक पोरगं म्हणालं होतं, याच्या गालावर रस्ता उकरलाय. तेव्हापासून खड्डे डोक्यात बसले, वय १४. अठराव्या वर्षी मित्रानं सांगितलं म्हणून मेडिकलमधून एक ट्यूब आणली, आणि ती चौदा महिने रोज लावली. मी ट्यूब आणायला लावली, त्यात मोमेटासोन होतं, म्हणजे स्टेरॉइड, बरोबर हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनोइन. असल्या ट्यूबनं सुरुवातीला चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसायला लागतात, ऊन सोसत नाही, आणि बंद केली की आगडोंब होतो म्हणून माणूस परत लावतो. त्याची लाली नेमकी जिथं ट्यूब लागायची तिथंच होती, ती घडीत का आली तेही कळलं. म्हणजे काळजी आधीची, लाली नंतरची, आणि लाली त्या काळजीनंच आणलेली. काहीतरी दिसतंय म्हणून बीडीडी नाही असं ठरवायचं नसतं, जे दिसतंय त्याच्या मानानं त्रास केवढा आणि तो कधीपासून, हे बघायचं असतं.

आणि मग तो प्रश्न, जो विचारताना आपल्याच घशात आवंढा येतो. बीडीडीत आत्महत्येचे विचार खूप जणांना येतात, आणि पेशंट आपणहून सांगत नाही, त्यामुळं विचारावंच लागतं. मी सरळ विचारलं, “याच्यापायी जगणं नको असं कधी वाटतं का?” बराच वेळ फोल्डरच्या कोपऱ्याशी खेळत राहिला. मग म्हणाला, “वाटतं. रात्री.” काही ठरवलंय का, आधी कधी काही केलंय का, घरात त्यासाठी काही ठेवलंय का, हे एकेक विचारलं. ठरवलेलं काही नव्हतं, आधी काही केलेलं नव्हतं. विचारल्यानं विचार डोक्यात घालतो असं होत नाही, उलट त्याचे खांदे खाली आलेले मला दिसले. ‘ठरवलंय’ असं उत्तर आलं असतं तर त्याला एकटं न सोडता त्याच दिवशी सीपीआरला, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, पाठवला असता. एवढी एक गोष्ट आईला सांगायची त्याची परवानगी घेतली, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर त्याच्या मोबाईलमध्ये सेव्ह करायला लावला, तो दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं.

आता रेफर करायचं. अडीच महिन्यांपूर्वी मी जे दाराशी बोललो होतो तेच आता बसून, आणि वेगळं बोलायचं होतं. मी जवळजवळ या शब्दांत बोललो : “सुमित, तुझा गाल मला जसा दिसतो आणि तुला जसा दिसतो, यावर आपलं आज एकमत होणार नाही, आणि व्हायची गरज पण नाही. पण रोजचे सहा तास जातायत, फुटबॉल गेला, झोप गेली, हे तुला मान्य आहे, मलाही आहे. लालीवर आपण स्किनच्या डॉक्टरांकडून औषध घेऊच, ट्यूब हळूहळू सोडवायला लागेल. पण हे सहा तास कमी करायचं काम माझं नाही, स्किनच्या डॉक्टरांचं पण नाही, ते ज्यांना येतं त्यांच्याकडं मी तुला पाठवतो. ते मानसोपचारतज्ज्ञ आहेत. तुला येडा समजून पाठवत नाही, आणि पाठवून सोडून पण देत नाही, दोन आठवड्यांनी तू परत माझ्याकडं येणार आहेस.” मानसोपचार हा शब्द लपवला नाही. न्यूरोकडं पाठवतो वगैरे सांगून पाठवलं की तिथल्या बोर्डवर नाव वाचून पेशंट जिन्यातनंच परत येतो, आणि मग आपल्यावरही विश्वास राहत नाही.

त्यानं विचारलं, “म्हणजे खड्डे नाहीतच असं म्हणताय?” इथं नाही म्हणायचा मोह होतो. मी म्हटलं, दोन-तीन खड्डे आहेत, बारीक आहेत, मी बघितलेत. याच्यापुढं एक शब्द बोललो नाही. छान दिसतोस असं म्हणणं त्याला खोटं वाटतं, आणि वाईट दिसतोस असं म्हणणं खरंच खोटं असतं.

पत्र त्याच्यासमोर लिहिलं आणि वाचून दाखवलं. पहिल्या मसुद्यात मी सवयीनं ‘काल्पनिक व्यंगाची चिंता’ असं लिहिलं होतं. तो म्हणाला, “सर, काल्पनिक नको. मला दिसतंय ते.” त्याचं बरोबर होतं. मी खोडून ‘गालावरच्या खड्ड्यांबद्दल तीव्र चिंता, वयाच्या १४ पासून, रोज ५-६ तास’ असं केलं. पुढं आरसा, फोटो, मास्क, आईला विचारणं, कॉलेज आणि खेळ बंद, आत्महत्येचे विचार आहेत पण बेत नाही, ल्युपसची शंका, तिन्ही एएनए रिपोर्ट, सीबीसी आणि लघवीची तपासणी नॉर्मल, ट्यूबचं नाव आणि किती दिवस वापरली. एका पानात बसलं. मग त्याच्यासमोरच मानसोपचारतज्ज्ञांना फोन लावून त्याच आठवड्यातली वेळ घेतली, नुसती चिठ्ठी दिली असती तर तो गेला नसता अशी माझी खात्री आहे. ज्यांना खाजगीत जमत नाही त्यांना मी सीपीआरच्या ओपीडीत पाठवतो, तिथंही पत्र असलं की पेशंटला पहिल्यापासून सगळं परत सांगावं लागत नाही.

स्किनच्या डॉक्टरांनाही वेगळं पत्र दिलं, कारण सुमितनं एका ठिकाणी लेझरसाठी आठ हजार ॲडव्हान्स भरून ठेवले होते. बीडीडीत अशा प्रोसिजरनं बहुतेकांचं समाधान होत नाही, झालंच तरी काळजी दुसऱ्या जागेवर जाते, गालावरनं नाकावर, नाकावरनं केसांवर. म्हणून लिहिलं की स्टेरॉइड सोडवा, जळजळीवर उपाय करा, पण लेझर तूर्त थांबवा. त्याला पण हेच सांगितलं, कायमचं नाही, सहा महिने थांब, मग परत बघू. कायमचं नाही म्हटलं असतं तर तो दुसऱ्या दिवशी जाऊन करून आला असता.

मानसोपचारतज्ज्ञांनी बीडीडीचंच निदान केलं. फ्लुओक्सेटिन २० मिलिग्रॅमवर सुरू झालं, मग ४०, मग ६०. डिप्रेशनला जेवढी मात्रा पुरते त्यापेक्षा इथं बऱ्याचदा जास्त लागते, आणि गुण येतोय का नाही हे ठरवायला १२ आठवडे द्यावे लागतात, हे घरच्यांना आधी सांगितलेलं बरं, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात गोळ्या बंद होतात. २५ वर्षांखालच्या पोरांत सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढत नाहीत ना यावर लक्ष ठेवायचं असतं, त्यामुळं पहिला महिना तो दर आठवड्याला कुठंतरी दिसत होता, एकदा तिकडं, एकदा माझ्याकडं. शिवाय सायकॉलॉजिस्टकडं सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी हळूहळू बदलायचा उपचार. आरशासमोर दहा मिनिटं, हात लावायचा नाही, झूम करायचं नाही. मग पावडरशिवाय कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात. मग मास्कशिवाय बसमध्ये. आईला शिकवलं की विचारलं तर ‘दिसतंय’ पण नाही आणि ‘दिसत नाही’ पण नाही, “याचं उत्तर द्यायचं नाही असं आपलं ठरलंय” एवढंच. तिला हे सगळ्यात जड गेलं. “पोरगं रडकुंडीला येतंय आणि मी गप बसू व्हय?” चौथ्या आठवड्यानंतर विचारणं कमी झालं, तेव्हा तिला पटलं.

माझं काम त्यामानानं थोडं होतं, पण ठरलेलं होतं. पहिला महिना सोडला तर दर तीन आठवड्यांनी भेट, त्रास असो नसो. त्रास होईल तेव्हा या म्हटलं की डॉक्टर भेटण्यासाठी त्रास व्हावा लागतो. प्रत्येक भेटीत बीपी, वजन, सांधे, तोंड बघायचो, आणि नवीन काही सापडल्याशिवाय नवीन टेस्ट नाही असा करार. एएनए परत करू या का, असं त्यानं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी विचारलं, नवीन काय दिसतंय? काही नव्हतं, केली नाही.

पाच महिन्यांनंतरची गोष्ट सांगतो. सहा तासांचे दीड तास झालेत, ते तो स्वतः मोजतो. कॉलेज सुरू आहे, एक विषय राहिला. लाली बरीच उतरली, पूर्ण गेली नाही. रात्रीचे ते विचार तीन महिन्यांपासून नाहीत. लग्न-समारंभात अजून मास्क लागतो. फुटबॉल टीममध्ये परत घेतलेलं नाही पण सरावाला कडेला उभा राहून बॉल आणून देतो म्हणाला, भर दुपारी, पावडर न लावता. लेझरच्या ॲडव्हान्सचं काय करायचं हे अजून ठरलेलं नाही.

मागच्या भेटीत आला तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं. बसला, बीपी घेतलं, गोळ्या लिहिल्या. तो गेल्यावर माझ्या लक्षात आलं की स्टूल जागेवरच होतं.